डब्यातली चिठ्ठी आणि तिची मागची बाजू

पहिलीच्या वर्गाचा पहिला आठवडा आणि त्या आठवड्यात एका डब्यात सापडलेली चिठ्ठी, एवढंच हे प्रकरण आहे. मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. त्या वर्षी पहिलीत नऊ मुलं होती, दुसरीत अकरा, आणि दोन्ही वर्ग एकाच खोलीत. मुलगा ओळखू येऊ नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. घरी त्याला सगळे बाबू म्हणत, तेच इथे म्हणते. आमच्याकडे घराघरात एक बाबू असतोच.

चिठ्ठी मला बुधवारी मिळाली, शाळेच्या तिसऱ्या दिवशी. शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते, ती दीड वाजता. त्याआधी बारा वाजता लहान सुट्टी असते आणि पहिलीची मुलं तेवढ्यापुरता घरून डबा आणतात. बाबूच्या डब्यात दोन घावणे होते, शेजारच्या वाटीत गूळखोबरं, आणि घावण्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला दुरेघी वहीचा कागद. तो उठून माझ्याकडे आला आणि कागद पुढे धरून म्हणाला, "बाई, ह्याच्यात काय लिवलाहा?"

पहिलीतल्या मुलाला पहिल्या आठवड्यात वाचता येत नाही, हे आईला ठाऊक असणारच. तरीही तिने लिहिलं. मी कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागले. आजूबाजूला चार-पाच मुलं जमली होती.

"बाबू, घाबरू नको हां. रडू नको. आई आहे. कोणी मारलं तर बाईंना सांग. एकटा बाहेर जाऊ नको, पाऊस आहे, पाय घसरतो. पाणी पी, बाटली पूर्ण संपव. मी चार वाजता न्यायला येते. – आई."

वाचून होईपर्यंत त्याचा घास तोंडातच राहिला होता. मग खालचा ओठ पुढे आला आणि तो रडायला लागला. तोपर्यंत तो बरा होता, शेजारच्या मुलीशी तिच्या डब्यातल्या आंबोळीवरून बोलत होता. मी चिठ्ठीची घडी घातली, हजेरीपटात ठेवली आणि त्याला कडेवर घेतलं. मनात म्हटलं, काळजी करणारी आई आहे, मूल तिच्यामुळे रडतंय. तिथेच माझं पहिलं चुकलं. दुसरी चूक अशी की मी कागद उलटून पाहिला नाही.

आधी पहिल्या चुकीबद्दल. चार मुलांसमोर एका मुलाला "घाबरू नको" असं मोठ्याने वाचून दाखवल्यावर काय होतं, ते मला कळायला हवं होतं. 1985 साली जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. टेबलावर जाड पारदर्शक काच, आणि काचेखाली मध्यभागी साधारण 30 सेंटिमीटर खोल वाटेल असा खड्डा. वर्षाची बाळं एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला. खोली एवढीच ठेवली होती की बाळाला पटकन ठरवता येऊ नये, पुढे जावं की नाही. अशा वेळी बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. सहा वर्षांचं मूल वर्षाच्या बाळाइतकं सरळ वागत नाही, पण नवी जागा कशी आहे हे ते अजूनही आईवरूनच ठरवतं. बाबूला शाळा धोक्याची आहे असं तोवर वाटलं नव्हतं. घाबरण्यासारखं, मारण्यासारखं, घसरण्यासारखं इथे काहीतरी असणार, ही बातमी त्याला चिठ्ठीतून मिळाली, आणि ती मी माझ्या आवाजात दिली.

गुरुवारी तो डबा उघडायच्या आधीच चिठ्ठी शोधू लागला. परिपाठ झाल्याबरोबर त्याने दप्तरातून डबा काढला. दुसरी चिठ्ठी होती, जवळजवळ तीच. या वेळी मी ती मोठ्याने वाचली नाही. "आईने लिहिलंय, आई चारला येणार" एवढंच सांगितलं. त्यानंतर दर थोड्या वेळाने एकच प्रश्न: "बाई, चार वाजले?" घड्याळ कळत नाही अशा मुलाला चार वाजता येईन हे वचन देण्यात एक अडचण आहे. ते वचन कधी पुरं होणार, हे त्याला दुसऱ्या कोणाला तरी सारखं विचारावं लागतं.

आता रडण्याबद्दल सांगते, कारण प्रकरण तिथेच उलगडलं. मी दर जूनमध्ये नव्या मुलांसाठी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर छोटी नोंद ठेवते. मूल कधी रडलं, किती वेळ रडलं, कशाने थांबलं. आई सोडून जाते म्हणून जे रडणं येतं, त्याची एक ठरलेली चाल असते. फाटकाजवळ ते सगळ्यात जोरात असतं. हातात काही दिलं, चिकणमाती, चिंचोके, काहीही, की दहा-वीस मिनिटांत ओसरतं. मध्येच आई दिसली किंवा तिची आठवण निघाली तर परत उसळतं. दिवसागणिक कमी होत जातं.

बाबूच्या नोंदी अशा होत्या. सोमवार: फाटकाजवळ वीस मिनिटं, मातीशी खेळायला लागल्यावर शांत. पुन्हा पाऊण वाजल्यापासून रडणं, पोटात दुखतं म्हणाला, खिचडी खाल्ली नाही. मंगळवार: फाटकाजवळ पंधरा मिनिटं. पुन्हा पाऊणच्या सुमारास, पोट. बुधवार: फाटकाजवळ दहा मिनिटं, बारा वाजता चिठ्ठी, मग एक वाजल्यापासून सलग. गुरुवार: फाटकाजवळ जेमतेम पाच मिनिटं, एक वाजता पोट धरून.

चारही ओळी एकाखाली एक वाचल्या आणि खटकलं. सकाळचं रडणं व्हायला हवं तसंच कमी होत होतं. दुपारचं मात्र रोज त्याच वेळी येत होतं आणि कमी होत नव्हतं. आईच्या आठवणीला घड्याळ नसतं. रोज पाऊण-एकला येणाऱ्या रडण्याचं कारण शरीरात शोधायला हवं होतं. भूक नव्हती, कारण डबा नुकताच झालेला असायचा. झोप असू शकली असती. मग आठवलं की रडायच्या आधी तो टाचेवर बसत होता, पायावर पाय चढवत होता, एकदा तर बाकाच्या कोपऱ्याला चिकटून अगदी स्तब्ध उभा होता. लघवी धरून ठेवणारी मुलं असंच करतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि तरीही चार दिवस मला दिसलं नाही, कारण रडणाऱ्या मुलाचं कारण मी त्याच्या आईच्या अक्षरात आधीच वाचून मोकळी झाले होते.

शुक्रवारी सकाळी हजेरी घेताना पहिली चिठ्ठी पटातून खाली पडली, उलटी. मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"बाई, त्याची चड्डी नवीन आहे, हूक त्याला निघत नाही. तो सांगणार नाही. एकदा विचाराल काय."

चिठ्ठीची ही बाजू माझ्यासाठी होती आणि ती दोन दिवस माझ्याच पटात पडून होती.

त्या दिवशी लहान सुट्टीत मी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मुताक जावचा असा काय रे?" त्याने लगेच मान हलवली. सोमवारी मी सगळ्या वर्गाला शिकवलं होतं की "बाई, मी लघवीला जाऊ?" असं विचारायचं. बाबूच्या घरात लघवी हा शब्दच नव्हता. मी काय शिकवतेय हेच त्याला कळलं नसणार, आणि घरचा शब्द शाळेत चालतो की नाही हे विचारायचं धाडस सहा वर्षांच्या मुलाला कुठून येणार? आम्ही किनाऱ्यावरच्या शाळांत प्रमाण भाषा शिकवतो ते बरोबरच आहे, पण भूक, तहान, दुखणं आणि संडास-लघवी यांचे घरचे शब्द पहिल्याच दिवशी शिक्षकाच्या तोंडून वर्गात आले पाहिजेत, असं आता मला ठामपणे वाटतं.

आमचं शौचालय शाळेच्या मागे आहे. मधली वाट चिऱ्यांची, जूनमध्ये तिच्यावर शेवाळ धरतं. छत पत्र्याचं. पाऊस पडत असला की आत बोललेलं ऐकू येत नाही, इतका आवाज होतो. मी त्याच्याबरोबर छत्री घेऊन गेले. दारात उभा राहून तो म्हणाला, "भुतूर काळोख असा." मी दार उघडं ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. हुकाशी थोडा वेळ झटापट झाली. मग आवाज आला, "बाई, ह्या सुटणा नाय." मीच हूक काढला. खरंच घट्ट होता, नव्या कापडाचा, माझीही बोटं दुखली. त्यानंतर तो इतका वेळ उभा राहिला की माझ्या पोटात कालवलं.

परत येऊन त्याने दोन्ही घावणे खाल्ले. एक वाजता रडला नाही. दीड वाजता खिचडी मागून घेतली.

थोडा हिशेब मांडते, म्हणजे हे पोटदुखणं खोटं नव्हतं ते लक्षात येईल. मुलाच्या मूत्राशयात साधारण किती मावतं याचा एक ढोबळ ठोकताळा डॉक्टर वापरतात: वयात एक मिळवायचा आणि 30 ने गुणायचं. सहा वर्षांच्या मुलाला 210 मिलिलिटर. बाबूच्या घरी सकाळी नऊला पेज असते. उकड्या तांदळाची पेज म्हणजे बहुतेक पाणीच, आणि तो दोन वाट्या पितो. वर आईने चिठ्ठीत बजावलेलं, बाटली पूर्ण संपव. बाटली अर्ध्या लिटरची. इतर दिवशी तो अर्धी पीत असेल, पण चिठ्ठी आल्यापासून बारा वाजता उभं राहून घटाघटा संपवत होता, कारण आईने सांगितलं होतं. बुधवारपासून दुपारचं रडणं वाढलं त्यामागे काळजीचे शब्द होतेच, पण हे पाणीसुद्धा होतं. पाणी पिऊ नको असं मात्र कोणी सांगू नये. कमी पाणी पिणाऱ्या आणि लघवी धरून ठेवणाऱ्या मुलांना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि बद्धकोष्ठही जडतं. पाणी तेवढंच ठेवायचं आणि जाण्याची वाट मोकळी करायची.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्याच्या आईला थांबायला सांगितलं. ती फाटकाबाहेर फणसाखाली होतीच. नंतर कळलं, ती रोजच तिथे असायची. सोडून गेल्यासारखं करायची आणि तासभर झाडाआड छत्री धरून उभी राहायची. वर्गाच्या खिडकीतून ती छत्री दिसते. बाबूने सोमवारीच ती ओळखली होती. सकाळी शांत झालेला मुलगा मध्येच खिडकीकडे बघून "आवस खय असा?" का म्हणायचा, त्याचा उलगडा झाला.

आम्ही व्हरांड्यात बसलो. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि आधी माझी चूक सांगितली: मागची बाजू मी दोन दिवस वाचली नाही, आणि पुढची सगळ्यांसमोर वाचली. ती काही बोलली नाही. चिठ्ठीच्या घडीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझा तसाच झालेला वो बाई. पयलीत. वर्गात. सगळी पोरां हसली." एवढंच. मी पुढे विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पण तिला कशाची भीती होती ते कळलं. ती उगाच काळजी करत नव्हती. तिला नेमकी एक गोष्ट ठाऊक होती, ती गोष्ट तिच्या स्वतःच्या अंगावरून गेलेली होती, आणि ती सांगायची लाज वाटून तिने पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहिली होती. पुढच्या बाजूच्या सगळ्या सूचना त्या एका ओळीभोवती गुंडाळलेल्या होत्या.

मग आम्ही दोघींनी चिठ्ठी ओळ ओळ घेऊन बसून पाहिलं की कुठली ओळ कोणासाठी आहे. मला वाटतं, अशी चिठ्ठी हातात आली की हे करून बघण्यासारखं आहे. "हूक निघत नाही" ही शिक्षकाची ओळ. ती डब्यातून येता कामा नये, कारण डबा मुलाचा असतो आणि तो बाराला उघडतो. ती तोंडी सांगावी, फोनवर सांगावी, किंवा वेगळ्या कागदावर सकाळी बाईंच्या हातात द्यावी. "कोणी मारलं तर" हीसुद्धा शिक्षकाचीच. माझ्या वर्गात कोण कोणाला मारतं हे बघणं माझं काम आहे, मुलाने ते आधीच मनात धरून बसायचं कारण नाही. "पाय घसरतो" ही खरी सूचना होती. त्या वाटेवर पाय घसरतोच. ती मुख्याध्यापकांकडे गेली आणि पुढच्या आठवड्यात शेवाळ खरवडून वाटेवर वाळू टाकली गेली. "घाबरू नको, रडू नको" या दोन ओळी कोणासाठी, असं विचारल्यावर तिने स्वतःच उत्तर दिलं, "त्या माझ्यासाठीच आसत." मुलासाठी उरली एकच ओळ: मी न्यायला येते.

ती ओळ मुलाला कळेल अशी कशी लिहायची? अक्षरं वाचता येत नाहीत, घड्याळ कळत नाही. पण दिवसात कशानंतर काय येतं हे मूल तीन दिवसांत शिकतं. मी तिला म्हटलं, चित्र काढा. तिला चित्र येत नव्हतं, आणि ते यायची गरजही नव्हती. तिने एका ओळीत चार खुणा काढल्या: जोडलेले हात म्हणजे परिपाठ, चौकोनी डबा, वाफ येणारी ताटली म्हणजे खिचडी, आणि शेवटी छत्री. छत्री म्हणजे आई. खिचडीनंतर गोष्ट असते, तिचं चित्र कसं काढायचं ते आम्हाला सुचलं नाही, म्हणून ती तशीच सोडली. सोमवारी बाबूने चिठ्ठी काढली आणि माझ्याकडे न येता स्वतः बघितली. मी विचारलं, आता कुठे आहोत आपण? त्याने डब्यावर बोट ठेवलं. "चार वाजले?" त्या दिवशी दोनदाच आलं.

चड्डीचं काम वडिलांनी केलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे या दिवसांत आमच्या गावातले बाप घरी असतात आणि जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. त्यांनी हूक काढून कमरेत इलॅस्टिक ओवलं. सोमवारपासून शाळेत सोडायलाही तेच यायला लागले. हे मी मुद्दाम सुचवलं होतं, कारण आईपासून निरोप घेणं जड जात असेल तर काही दिवस दुसऱ्या माणसाने सोडून बघावं. पण लपून निघून जायचं नाही, हे त्यांनाही सांगितलं. मुलाचं लक्ष नाही असं बघून पालक सटकले की मूल दुसऱ्या दिवशीपासून लक्ष काढायलाच तयार होत नाही. "मी जातो, छत्री घेऊन आई येतली" असं म्हणायचं आणि जायचं, मूल रडत असलं तरी. फणसाखाली कोणी उभं राहायचं नाही, हेही ठरलं. ते आईला सगळ्यात कठीण गेलं.

वर्गात मी दोन गोष्टी बदलल्या. सव्वाअकराला आणि खिचडीच्या आधी पहिलीच्या नऊही मुलांना जोडीने बाहेर पाठवायचं, लागलेली असो वा नसो. मध्ये कोणाला गरज पडली तर बोलायचं नाही, करंगळी वर करायची. करंगळीची खूण आपल्या शाळांत फार जुनी आहे, मीच ती सोडून पूर्ण वाक्याचा आग्रह धरायला लागले होते.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी, सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना, सकाळपासून धो धो पाऊस होता. सव्वाअकराला मुलं गेली आणि आली. बाबू जोडीदाराबरोबर गेला, पण पत्र्याच्या आवाजाला भिऊन दारातूनच परतला. जोडीदाराने ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बारा वाजून गेल्यावर गोष्ट चालू असताना त्याच्या बाकाखाली ओलं दिसलं. तो सरळ समोर बघत होता, माझ्याकडे नाही. पाणी सांडलं असं सांगून वेळ मारून नेण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मी तसं केलं नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांनाच कळतं आणि मग बाईसुद्धा लपवताहेत म्हणजे ही फारच वाईट गोष्ट असणार, असं ते धरून चालतात. दुसरीच्या एका मोठ्या मुलीला गोष्ट पुढे वाचायला सांगितली, त्याला हात धरून बाहेर नेलं, दप्तरातली जादा चड्डी घातली आणि फडकं मारलं. एक मुलगा हसला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, बोलले नाही. पाच मिनिटांत आम्ही परत गोष्टीत होतो.

चार वाजता आई आली तेव्हा मी फाटकाजवळच तिला सांगितलं, मुलासमोर, साध्या आवाजात: आज पावसामुळे आत गेला नाही, चड्डी ओली झाली, बदलली. तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती खाली वाकली, बाबूच्या दप्तरातून ओल्या चड्डीची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "चल, वाटेत खेकडे बघूया." दुसऱ्या दिवशी डब्यात फक्त चार खुणांची चिठ्ठी होती. मागची बाजू मी उलटून पाहिली. कोरी होती.

त्यानंतर चिठ्ठ्या एक दिवसाआड झाल्या, मग आठवड्यातून एक. जुलैच्या सुरुवातीला एके दिवशी त्याने डबा उघडला, घावण्याखाली बोट घालून पाहिलं, काही नव्हतं, आणि तो खायला लागला. आम्ही तिघांपैकी कोणीही त्याला तसं सांगितलं नव्हतं.

असाच मुलगा वर्गात असलेल्या कोणासाठी मर्यादाही सांगून ठेवते. रडणं चार आठवड्यांच्या पुढे गेलं, कमी न होता वाढलं, रोज सकाळी उलटी किंवा पोटदुखी व्हायला लागली, मूल घरातल्या घरातही आईला सोडेना, झोपेत दचकू लागलं, तर हे काम शिक्षकाच्या हातातलं नाही. मुलांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि त्यांनी सुचवलं तर मानसोपचाराची मदत घ्यावी. लघवीच्या बाबतीत तर वाट बघूच नये. जळजळ, ताप, लघवीत रक्त, दिवसभरात तीनपेक्षा कमी वेळा जाणं, किंवा आधी कोरडं राहणारं मूल वारंवार ओलं व्हायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. बाबूला हे काही नव्हतं. तरी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा मी त्यांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी बघून ठीक आहे म्हटलं.

गणपतीच्या सुट्टीनंतर परत घसरण होणार हे मी धरूनच होते. कोकणातल्या मुलांना ती सुट्टी म्हणजे मुंबईची भावंडं, आरत्या, रात्रीची भजनं आणि आईच्या मागे मागे फिरणं. सुट्टी संपली त्या सकाळी बाबू फाटकाजवळ वडिलांच्या पायाला मिठी मारून रडला, पाच-सात मिनिटं. वडील ठरल्याप्रमाणे बोलून निघाले. मी त्याला आत घेतलं, डोळे पुसले, दप्तर खुंटीला लावलं. परिपाठाची घंटा अजून व्हायची होती. बाहेर पाऊस चालू होता, मागच्या पत्र्यांचा आवाज येत होता, आणि बाबू माझ्यासमोर उभा राहून नाक ओढत करंगळी वर करत होता.